अप्पांच्या सोड्यातलं मीठ

आमच्या घरात कुणी दारूला हात लावला नाही, आणि आमचं घर चाललं ते दारू पिणाऱ्यांवर. यात काही विसंगत आहे असं अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी वाटलं नाही. शाहूपुरीत आमचा सोडा वॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे राहतं घर, आणि मध्ये बाटल्या धुवायचा हौद. सोडा, लेमन, ऑरेंज आणि जिंजर अशा चार बाटल्या आम्ही भरायचो. लेमन-ऑरेंज लग्नकार्यात जायचं. सोडा मात्र जायचा परमिट रूममध्ये आणि हॉटेलांच्या बारमध्ये. कुणी पाहुण्याने खोचकपणे विचारलंच तर अप्पा म्हणायचे, “आपण पाणी विकतो. त्यात कोण काय घालतंय ते त्याच्या देवाला म्हाईत.”

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, दर सोमवारी दुपारी अप्पा मठात. पण सोड्याच्या बाबतीत अप्पांची भक्ती त्याहूनही कडक होती. रोज सकाळी पहिली बाटली भरली की ते ती उघडायचे, एका लहानशा स्टीलच्या फुलपात्रात ओतायचे, डोळे मिटून एक घोट घ्यायचे आणि मान हलवायचे. ती मान हलल्याशिवाय दुसरी बाटली भरली जायची नाही. ते फुलपात्र दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, अव्वानेसुद्धा नाही. अव्वा म्हणजे आई. तिला तो सगळा प्रकार नाटकी वाटायचा, पण फुलपात्र ती राख लावून वेगळं घासायची.

अप्पांच्या सोड्यात एक गोष्ट होती जी इतरांच्या सोड्यात नव्हती. प्रत्येक टाकीला ते मापून खायचा सोडा आणि थोडं मीठ घालायचे. त्याचा डबा भिंतीतल्या देवळीत असायचा आणि माप त्यांच्या हातात. मटणाचं जेवण झाल्यावर आमचा सोडा प्याला की माणसाला ढेकर येऊन मोकळं वाटतं, अशी त्याची ख्याती होती. तीस वर्षं ती ख्याती त्यांनी जपली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. अभिमान हा शब्द इथे कमीच पडतो, पण असू दे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या कंपन्यांचे ट्रक गावात फिरायला लागले. दुकानदाराला फुकट फ्रीज, बाहेर लाल-निळी पाटी, आणि अट एकच, फ्रीजमध्ये आमचाच माल. कोला तर त्यांचा होताच, आता त्यांचा सोडाही आला. दोन वर्षांत आमच्या निम्म्या परमिट रूम गेल्या. उरलेल्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं स्टेशन रोडवरचं एक हॉटेल. ते गेलं असतं तर कारखाना बंद, इतकं ते साधं होतं.

त्या हॉटेलच्या मालकांनी अप्पांना गणपतीनंतर बोलावून घेतलं. मी तेव्हा बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन घरी बसले होते, म्हणजे लग्नासाठी बसले होते. स्कूटरवर अप्पांच्या मागे मीही गेले. मालक माणूस सरळ. ते अप्पांना म्हणाले, “आण्णा, कंपनीवाला दारात बसलाय. पण माझी अडचण येगळी हाय. शिरगावच्या फौंड्रीत बाहेरच्या देशातनं इंजिनेर येत्यात, ते माझ्याकडंच उतरत्यात. त्यास्नी टॉनिक पाहिजे, जिंजर बिअर पाहिजे. मुंबईस्नं माल येतोय कधी, कधी न्हाय. तुम्ही दोन्ही बनवून दिलं तर सोडाबी तुमचाच ठेवतो. दिवाळीपर्यंत बघा.”

अप्पा म्हणाले, “करू की. त्यात काय हाय?”

टॉनिक म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी संध्याकाळी मी समजावून सांगितलं. सोड्याचं पाणी, साखर, सायट्रिक आम्ल आणि क्विनीन. “हिवतापाचं?” अप्पांनी विचारलं. “तेच, पण अगदी थोडं,” मी म्हणाले. जिंजर बिअर ही नावालाच बिअर, आपल्या जिंजरचीच तिखट बहीण, हेही सांगितलं. मुंबईच्या एसेन्सवाल्याकडे क्विनीन घातलेला तयार अर्क मिळायचा, त्यावर एका बाटलीला जास्तीत जास्त किती तेही छापलेलं असायचं. परवान्याची कागदपत्रं अप्पांनी चार दिवसांत उरकली. मग ते कामाला लागले, आणि तिथून आमच्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली.

पहिलं टॉनिक त्यांनी अर्काच्या पूर्ण मापाने केलं. फुलपात्रात ओतून घोट घेतला आणि तो तसाच हौदात थुंकला. “हे माणसानं प्यायचं?” मग अर्क निम्मा केला, साखर वाढवली, वर थोडा लिंबाचा वास. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मान हलली. मलाही दिलं. खरोखर छान लागत होतं, गोड, आणि शेवटी कडूपणाची नुसती चाहूल. आम्ही एक क्रेट घेऊन हॉटेलवर गेलो.

तिथल्या बारवर एक हवालदार होते. मूळचे मुरगूडचे. पलटणीच्या ऑफिसर्स मेसमध्ये त्यांनी बारा वर्षं बार सांभाळला होता आणि निवृत्त होऊन इथे आले होते. गावात त्यांना सगळे हवालदारच म्हणत, आम्हीही. मिशा पांढऱ्या, शर्टाची इस्त्री कडक, बोलणं दणदणीत. दुपारी बार रिकामा असताना त्यांनी बर्फ घालून जिन ओतली, वर आमचं टॉनिक, ग्लास तिरका धरून कडेने. एक घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवला आणि अप्पांकडे बघितलं.

“आण्णा, सरबत झक्कास हाय. पण जिन मेली की ह्यात.”

“मेली म्हंजे?”

“दिसंना झाली. गोडाखाली गाडली गेली. बर्फ वितळला की ह्येचं बी पाणी हुतंय.”

“नुसतं पिऊन बघा की, हवालदार. नुसतं किती छान लागतंय!”

“नुसतं कोण पितंय, आण्णा?”

अप्पांना हा प्रश्न पटला नाही. जी वस्तू नुसती पिऊन चांगली लागत नाही ती चांगली कशी असेल, असं त्यांचं म्हणणं, आणि तीस वर्षं त्यांचं फुलपात्र याच हिशेबाने चाललं होतं. त्यांनी घरी येऊन साखर जराशी कमी केली, पुन्हा क्रेट नेला, पुन्हा हवालदारांनी नकारार्थी मान हलवली. जिंजरची तीच तऱ्हा. आमच्या नेहमीच्या जिंजरला वास होता पण जोर नव्हता. अप्पांना तो पुरेसा वाटायचा, कारण त्यांना मुळात तिखट सोसायचं नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाबद्दल हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण तसं होतं. हवालदारांनी ते रममध्ये घातलं आणि म्हणाले, “रम नुसती गोड झाली. जिंजर हाय कुठं?”

मध्येच मी एक उद्योग केला. पुस्तकात वाचलं होतं की जुनी खरी जिंजर बिअर आंबवून करतात. आलं, साखर, लिंबू, थोडं यीस्ट. मी दोन डझन बाटल्या भरून बुचं मारून शेडच्या कोपऱ्यात ठेवल्या. ऑक्टोबरचं ऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी एकामागून एक सात बाटल्या फुटल्या. शेजारचा टेलर धावत आला. अप्पांनी काचा गोळा करता करता विचारलं, “ह्ये आंबल्यावर काय तयार हुतंय?” मी खरं सांगितलं की गॅस तयार होतो आणि बरोबर थोडी दारूही होते. “म्हंजे ही बी दारूच की!” ते ओरडले आणि उरलेल्या सतरा बाटल्या त्यांनी स्वतःच्या हाताने, पोत्याने झाकून, हौदात रिकाम्या केल्या. त्यानंतर आमच्याकडे आंबवणं बंद.

दिवाळी जवळ येत होती. अप्पा रात्री नीट जेवत नव्हते. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आल्यावर मी अव्वावर चिडायचे. एका सोमवारी ते मठात गेले असताना मी एकटीच हॉटेलवर गेले. दुपारचे तीन. बारमध्ये बाईमाणूस जाणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती; मी बिलाचं पुस्तक हातात धरून गेले, कामासाठी आल्यासारखी.

“हवालदार काका, नेमकं काय पाहिजे ते मला सांगा. मी केमिस्ट्री शिकलेय.”

ते हसले. मग त्यांनी चार ग्लास मांडले. मी पिणार नाही म्हटल्यावर म्हणाले, वास तर घे. पहिल्यात व्हिस्की आणि सोडा. “सोडा काय बी घालत न्हाय, ताई. उलट उघडं पाडतोय. बुडबुडं वर येत्यात ते वास घिऊन येत्यात. चांगली व्हिस्की असंल तर चांगलं दिसतंय, फालतू असंल तर फालतूपणा दिसतोय.” दुसऱ्यात रम आणि कोला. “ह्यो झाकणारा. रममधी काकवीचा वास, ह्येच्यात जळलेल्या साखरंचा. दोन्ही एकाच घरातली. वर आंबटपणा असतोय म्हणून गोड खपतंय. स्वस्त व्हिस्की पिणारी पोरं कोलाच घेत्यात, कारण व्हिस्की दिसाय नको असती.” तिसऱ्यात जिन आणि मुंबईच्या टॉनिकची शेवटची बाटली. “हितं कडू पाहिजे. जिनला एक पाल्यासारखा, देवदारासारखा वास असतोय. कडू लागलं की त्यो वास उठतोय. गोड लागलं की बसतोय.” चौथा ग्लास रिकामाच होता. “जिंजर तू आणलीस की भरू. रम घशात जाळती, आलं बी जाळतंय. कोण जाळतंय ते कळाय नको. ते जमलं की जमलं.”

मी सगळं लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं, तर त्यातलं काहीच मला समजलेलं नव्हतं. कडू किती म्हणजे कडू? वहीत त्याचं उत्तर नव्हतं, आणि माझ्या पदवीतही नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा गेले आणि दोन रिकाम्या एसेन्सच्या बाटल्या काउंटरवर ठेवल्या. हवालदारांनी बाटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आण्णास्नी म्हाईत हाय?”

“नाही.”

“कळलं तर?”

कळलं तर काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. ओरडणं मी सहन केलं असतं. पण अप्पांना माझ्यावर एक भाबडा विश्वास होता, आपली मुलगी आपल्यासारखीच आहे असा. तो गेला असता तर परत आला नसता. हवालदारांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला, एका बाटलीत जिन भरली, एकीत रम, बुचं घट्ट लावली आणि म्हणाले, “गिळू नगंस. थुकायचं. मेसमधी आम्ही तसंच चाखायचो.” एका बाटलीवर लेमन लिहिलेलं होतं, दुसरीवर ऑरेंज. आमच्या शेडमध्ये तसल्या शंभर बाटल्या होत्या, त्यामुळे लपवायचा प्रश्नच आला नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी दुपारी अप्पा मठात, अव्वा झोपलेली, बाटल्या धुणाऱ्या बायका जेवायला गेलेल्या. मी हौदाशी उभी राहिले. पहिल्यांदा ग्लास तोंडाला लावताना मी डाव्या हाताने गळ्यातलं लिंग मुठीत झाकून धरलं. त्याला दिसू नये म्हणून. आज मला हसू येतं. जिन तोंडात घेतली, जीभ पोळली, थुंकले. मग अप्पांच्या टॉनिकबरोबर घेतली. आणि हवालदार काय म्हणत होते ते एका घोटात कळलं. जिन खरंच नाहीशी झाली होती. उरलं होतं एक कोमट गोड पाणी आणि मागून येणारी दारूची चटका देणारी वाफ. सगळ्यात वाईट भाग तेवढा राहिला होता आणि चांगला गेला होता.

मी अर्क पूर्ण मापावर नेला, म्हणजे अप्पांनी थुंकून टाकलेल्या जागी. साखर पाऊणपट. आम्ल थोडं जास्त. गॅस आमच्या सोड्यापेक्षा चढा, आणि पाणी भरताना बर्फाइतकं थंड, कारण थंड पाण्यातच गॅस टिकतो. नुसतं चाखलं तर तोंड वाकडं होत होतं. एक भाग जिन, तीन भाग ते टॉनिक, बर्फ, लिंबाची फोड, आणि दोन मिनिटं थांबायचं. बर्फ वितळून ते जितकं पातळ होतं तितकं नेमकं लागायला लागतं, हे मला तेव्हा कळलं. नुसतं असताना ते मुद्दाम जास्तच असावं लागतं. ते निम्मंच काम आहे, दुसरं निम्मं ग्लासात यायचं असतं. मी एकदा थुंकले, दोनदा थुंकले. तिसऱ्या वेळी थुंकले नाही. चांगलं लागलं म्हणून गिळलं. दुसरं कारण नाही, आणि मी ते शोधतही नाही.

जिंजरला पुढचे दोन सोमवार लागले. एसेन्सला वास असतो पण घशात उतरणारी आग नसते. ओल्या आल्याचा रस घातला तर ताजेपणा आला, पण रमच्या पुढे तो टिकेना. शेवटी अव्वाच्या फडताळातली सुंठ घेतली, काढा केला, गाळून रसात मिसळला. सुंठीची आग ओल्या आल्यापेक्षा वेगळी, उशिरा लागते आणि टिकते. वर लिंबू. मग रम घातली, आणि कोण जाळतंय ते कळेनासं झालं.

त्याच दुपारी आणखी एका बाटलीत थोडी व्हिस्की होती. हवालदारांनी त्या खेपेला गंमत म्हणून दिलेली. मी तिच्यात आमचा सोडा घातला. अप्पांचा सोडा, देवळीतल्या डब्यातल्या मापाचा. घोट घेतला आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं. सोड्याचा तो जिभेला चावणारा तीक्ष्णपणा खायच्या सोड्याने मारून टाकला होता, आणि वर खारट, साबणासारखी चव. व्हिस्की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती. ढेकर आणणारं जे होतं तेच व्हिस्कीला मारत होतं. मी पुन्हा चाखलं, खात्री करायला. मग ग्लास धुतला आणि ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. हवालदारांना तर ठाऊक असणारच. इतकी वर्षं त्यांनीही सांगितलं नव्हतं.

टॉनिक आणि जिंजर मी अप्पांना नवीन पुस्तकातलं प्रमाण म्हणून दाखवलं. त्यांनी फुलपात्रात ओतून चाखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “कडू हाय. पयल्या दिवशी टाकलं तेच की ह्ये.” मी म्हणाले, एकदा नेऊन तर बघू. दिवाळीला चार दिवस राहिले होते, त्यांनी हात टेकले होते, म्हणून ते तयार झाले.

हॉटेलच्या बारमध्ये त्या दुपारी मालक होते, आणि फौंड्रीत आलेला एक उंच परदेशी इंजिनियर होता, ज्याला मालकांनी खास बोलावलं होतं. हवालदारांनी ग्लास तयार केले. इंजिनियरने एक घोट घेतला, भुवया उंचावल्या, दुसरा घेतला, आणि ग्लास हातातून खाली ठेवलाच नाही. मालकांनी रम-जिंजर घेतली आणि “च्यायला!” एवढंच म्हणाले. हवालदार शेवटी प्याले. त्यांनी अप्पांकडे बघून सलाम ठोकला.

“आण्णा, आता जमलं. अगदी मेसमधी लागायचं तसं.”

सगळे हसत होते. मी अप्पांकडे बघितलं. ते हसत नव्हते. त्यांनी समोरची टॉनिकची उघडी बाटली उचलली, काउंटरवरच्या रिकाम्या ग्लासात दोन थेंब ओतले आणि नुसतंच चाखलं. तोंड वाकडं झालं. मग त्यांनी इंजिनियरच्या ग्लासाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. ते फार शिकलेले नव्हते, पण सोड्यात त्यांची हयात गेली होती. जे नुसतं इतकं वाईट लागतं, तिथेच नेमकं थांबायचं हे कुणाला कळेल? ज्याने त्यात जिन घालून प्यायली त्याला. पुस्तकाला नाही. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट उमटलं की मी मान खाली घातली. माझं टॉनिक जमलं होतं, आणि जमलं होतं म्हणूनच मी पकडले गेले होते. बिघडलं असतं तर काहीच कळलं नसतं.

मालकांनी तिथल्या तिथे पक्कं केलं. टॉनिक, जिंजर, सोडा, सगळं आमचं. कोला कंपनीचा, त्याला इलाज नव्हता. स्कूटरवर मागे बसून येताना अप्पांची पाठ माझ्यासमोर होती. रस्ताभर ते एक अक्षर बोलले नाहीत.

घरीही नाही. ती दिवाळी आमच्याकडे मुकी गेली. अव्वाला वाटलं काम हातचं गेलं. मी सांगितलं, मिळालं. “मग सुतकात बसल्यागत का बसलाय दोघं?” ती म्हणाली. अप्पा जेवायचे, पूजा करायचे, बाटल्या भरायचे, माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलायचे. मला वाटत होतं, एकदा ओरडा, एकदा मारा, पण हे नको. सोमवारी ते मठात गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा आले. मी त्या दुपारी शेडकडे फिरकलेसुद्धा नाही.

तो कारखाना पुढे बरीच वर्षं चालला. डब्यातलं टॉनिक मॉलमध्ये यायला लागलं तेव्हा, दोन हजार सालानंतर केव्हातरी, मी तो बंद केला. अप्पा त्याआधीच गेले होते. माझं लग्नही झालं, त्याच कारखान्यासकट मला पत्करणाऱ्या माणसाशी. पण हे सगळं नंतरचं. मला आठवते ती त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

पहिली बाटली भरली. अप्पांनी ती उघडली, फुलपात्रात ओतली आणि स्वतः न पिता माझ्यापुढे धरली.

मी बघत राहिले. त्या भांड्याला मी लहानपणापासून हात लावलेला नव्हता.

“घे,” ते म्हणाले. “आता तू चाखायचं. माझी जीभ अर्धीच हाय.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी फुलपात्र घेतलं, पण तोंडाला लावलं नाही. ते माझ्याकडे न बघता, हौदातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, “आन एक सांग. खरं सांग. ह्यो आपला सोडा व्हिस्कीत कसा लागतोय?”

बायका बाटल्या धूत होत्या. खळखळाट चालू होता. मी खोटं बोलू शकले असते. छान लागतो म्हटलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं, कारण त्यांना ते तपासायचा मार्गच नव्हता. आता ते सगळं माझ्या जिभेवर सोडून मोकळे झाले होते, आणि म्हणूनच मला खोटं बोलता येईना.

“खारट लागतो, अप्पा,” मी म्हणाले. “व्हिस्की मरते त्यात.”

तीस वर्षं, रोज सकाळी, डोळे मिटून हललेली ती मान मला दिसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. मग ते उठले, देवळीतला डबा काढला, त्यातलं माप बाहेर काढून खिशात ठेवलं, आणि डबा घेऊन मागे स्वयंपाकघरात गेले. अव्वा चुलीपुढे होती.

“ह्ये घरात वापर,” ते तिला म्हणाले.